अठ्ठेचाळीस मिनिटं

लोकांच्या मोबाइलला हात लावायचा म्हणजे आधी मन घट्ट करावं लागतं. कव्हर काढलं की आत काय काय निघतं ते सांगितलं तर जेवण जाणार नाही. तंबाखूचा चुरा, कणकेचा वाळलेला थर, घामाचा काळा मळ, एकदा तर चेपलेला मुंगळा. माणसं अंघोळ करून, कपाळाला गंध लावून येतात आणि हातात हे घाणेरडं यंत्र घेऊन येतात. वर ऐट अशी की भाभी, जरा जल्दी बघा, एस.टी. जाईल. जाऊ दे ना मग एस.टी.!

तीर्थपुरीत बसस्टँडच्या रस्त्याला आमचं कापडाचं दुकान आहे. ते माझे मिस्टर जिनेंद्र सांभाळतात. त्याच दुकानाच्या एका बाजूला काचेचा काउंटर टाकून सहा वर्षांपासून मी मोबाइलचं काम करते. मागे घर आहे, मधे फक्त पडदा. माहेर माझं जालन्याचं, शिकले मराठी शाळेत, कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून सासऱ्यांनी हा काउंटर मला काढून दिला. तालुक्यात रुचिभाभीचा हात चांगला आहे असं बोललं जातं. बोललं जातं, आणि मला ते आवडायचंही.

काउंटरच्या मागे मी स्वतःच्या अक्षरात एक बोर्ड लावला आहे. "जुना मोबाइल देण्याघेण्याआधी रिसेट करा. नंतर रडत येऊ नका." तो लावावा लागला, कारण लोक बायकोचे फोटो, बँकेचे निरोप, सगळं तसंच ठेवून फोन विकतात. मग विकत घेणारा माझ्याकडे दात काढत येतो आणि मला ते बघावं लागतं. वीट आला होता मला. कुणी त्या बोर्डाला हसलं की मी त्याला दहा मिनिटं झापायची.

जानेवारीतल्या एका दुपारी वंदना आली. वंदना म्हणजे आमच्याकडे वीस वर्षं भांडी घासणाऱ्या पुष्पाबाईंची सून. इथून सात किलोमीटरवर त्यांचं गाव आहे, तिथल्या अंगणवाडीची ती सेविका. तिचा सरकारी मोबाइल बंद पडला होता, म्हणून दिवाळीत आम्ही तिला आमच्या सासूबाईंचा जुना फोन दिला होता. दिला म्हणजे काय, चांगला थाटात दिला. जिनेंद्रने त्याचा फोटोसुद्धा काढला होता.

"भाभी, ह्याचा डाटा आपोआप बंद होऊन राह्यला," ती म्हणाली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढून काचेवर ठेवला. फोन स्वच्छ होता हे मला कबूल करावं लागेल. "रोज बंद होतो. मी चालू केला की चालतो. दुसऱ्या दिवशी परत बंद."

"बोट लागत असेल. पदरात खोचतेस ना?"

"न्हाई हो. टेबलावर ठेवते."

"मग पॅक संपला असेल."

"पॅक रोजचा दीड जीबी हाय. सकाळी सकाळी कसा संपंल? अन् भाभी, हे बी बघा." तिने पिशवीतून एक कागद काढला.

ती नोटीस होती. नऊ वाजता अंगणवाडी उघडायची आणि सव्वानऊच्या आत अॅपवर केंद्र उघडल्याचा फोटो टाकायचा, असा तिच्या बीटचा, म्हणजे आसपासच्या वीस-बावीस अंगणवाड्यांच्या गटाचा, डिसेंबरपासूनचा नियम. वंदनाचे फोटो महिनाभर पडले होते नऊ एक्कावन्न, नऊ पन्नास, नऊ त्रेपन्न असे. त्यातही ते अंगणवाडीत काढलेलेच नव्हते. फोटोसोबत ठिकाण जातं, आणि ठिकाण दिसत होतं गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीचं. सेविका केंद्रावर वेळेत हजर राहत नाही, घरून निघता निघता वाटेतून नोंद करते, तरी मानधनी सेवेतून कमी का करू नये याचा खुलासा करावा, असं काहीसं लिहिलं होतं. गुरुवारी बीटच्या बैठकीत खुलासा द्यायचा होता. आज मंगळवार होता.

"टाकीवर कशाला मरायला जातेस?"

"रेंजसाठी गेल्ते." ती खाली बघत म्हणाली. "आमच्या गावात रेंजची बोंबच हाय. अॅप म्हणलं, इंटरनेट न्हाई. मला वाटलं रेंज गेली. लेकरं मदतनीस बाईजवळ सोडून मी इकडं हिंडले, तिकडं हिंडले, शाळेच्या पायरीवर चढले. टाकीवर गेले की बराबर नेट यायचं. सगळे म्हणाले, टाकीवर रेंज हाय. मंग रोज तिथंच जायला लागले. डाटाच बंद असतो हे माझ्या ध्यानात आलं महिन्यानं."

मला इतका राग आला! फोनचा वरचा पडदा खाली ओढून बघायला काय होतं या बायकांना? निळं बटण करडं झालेलं दिसत नाही? मी तिला तसं बोलले. दुकानात कापड बघायला आलेल्या दोन बायका होत्या, त्यांच्यासमोर बोलले.

मग मी फोन हातात घेतला. डाटा आपोआप बंद होण्याची कारणं चार-पाचच असतात, आणि ती मी डोळे मिटून तपासू शकते. आधी डाटा लिमिट बघितलं. लोक काय करतात, पॅक दीड जीबीचा आहे म्हणून फोनमध्ये दीड जीबीचं लिमिट लावतात. पॅक असतो रोजचा आणि फोनचं लिमिट मोजतं महिन्याचं. दुसऱ्या दिवशीच ते भरतं आणि फोन डाटा तोडून मोकळा होतो. पण वंदनाच्या फोनमध्ये लिमिट बंदच होतं, नुसती सूचना देण्याची खूण होती. आणि लिमिट काही रोज सकाळी डाटा तोडून परत जोडत बसत नाही. रोजचा पॅक संपला तर नेट मरतं किंवा रांगतं, बटण मात्र चालूच दिसतं. तेही नव्हतं.

मग बॅटरी सेव्हर. पंधरा टक्क्यांवर आला की चालू व्हावा असा लावलेला होता. "सकाळी चार्जिंग किती असतं?"

"भरलेलंच असतं. रात्री लावून ठेवते."

म्हणजे तोही नाही. आणि साधा बॅटरी सेव्हर मागे चालणारी अॅपं दाबतो, डाटाचं बटण काही फिरवत नाही. डाटा सेव्हर बघितला, तो बंद. सिम एकच, त्यामुळे एका सिमवरून दुसऱ्यावर उडी मारण्याचा प्रश्न नाही.

"बंद होतो म्हणजे नेमका कधी होतो?" मी विचारलं. या प्रश्नाला लोक कधी धड उत्तर देत नाहीत. "मधूनमधून" म्हणतात, "कधीबी" म्हणतात. मला त्या उत्तराचीही चीड आहे.

वंदनाने पिशवीतून वही काढली. मुलांची वजनं लिहायची जुनी वही होती. मागच्या पानावर तिने आठ दिवसांच्या वेळा लिहिल्या होत्या. बंद, नऊ शून्य शून्य. बंद, नऊ शून्य शून्य. आठही दिवस तेच.

"कामाच्या दिवशी मी लगेच हातानं चालू केला," ती म्हणाली. "पण दोन रविवारी मुद्दाम हात लावला न्हाई. घड्याळ घेऊन बसले, आपोआप चालू कधी होतो बघायला."

त्या दोन रविवारांपुढे लिहिलं होतं. बंद नऊ. चालू नऊ अठ्ठेचाळीस.

मी ते वाचलं आणि परत एकदा वाचलं. दुसऱ्या कुणाला त्यात काही कळलं नसतं. माणूस टायमर लावतो तर पंचेचाळीस मिनिटांचा लावतो, तासाचा लावतो. अठ्ठेचाळीस मिनिटं कोण लावेल? आमच्या जैन घरात पाळण्यातल्या पोराला विचारलं तरी तो सांगेल. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं असतं. आसन घालून, संसाराची सगळी कामं सोडून, समभावाने बसायचं ते अठ्ठेचाळीस मिनिटं.

आमच्या सासूबाई, सायरबाई, मी त्यांना मम्मीजी म्हणते, रोज सकाळी नऊला सामायिकाला बसतात. वीस वर्षांत चुकलेलं नाही. गेल्या पर्युषणात व्याख्यान ऐकून आल्या आणि म्हणाल्या, सामायिकात मी फोनला हात लावत नाही ते ठीक, पण तो कपाटात पडल्या पडल्या मेसेज ओढतच असतो. फोन माझा, म्हणजे दोष माझा. वर्षभर त्या वेळात नेट बंद ठेवायचा त्यांनी नियम घेतला. आणि रोज बंद करायला विसरायला लागल्या. मग माझ्यामागे लागल्या. मला हसू आलं होतं आणि कंटाळाही आला होता. मेसेज तरी कसले? सुविचार, फुलांवर लिहिलेलं सुप्रभात, कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. मी फोन घेतला आणि रूटीनच्या, म्हणजे फोनने ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांच्या, यादीत जाऊन लावून टाकलं. नऊ वाजता मोबाइल डाटा बंद, नऊ अठ्ठेचाळीसला पूर्ववत, रोज. रूटीन चालू झाल्याची सूचना दिसली की त्या घाबरायच्या, म्हणून तीही बंद केली. नाव दिलं "सामायिक". झाला नियम, यंत्र पाळतंय.

आणि दिवाळीत तो फोन वंदनाला देताना मी काय केलं? सिम काढलं, मम्मीजींचं खातं काढलं, फोटो आणि व्हॉट्सअॅप उडवलं. बस. दिवाळीची गर्दी होती, रिसेट करून परत सगळं मांडत बसायचा आळस आला. म्हटलं, अंगणवाडीच्या बाईला काय करायचंय? खातं काढल्याने रूटीन जात नाही, हे मला माहीत होतं. मी तिकडे लक्षच दिलं नाही. माझ्या डोक्यावर माझ्याच अक्षरातला बोर्ड लटकत होता.

मी यादी उघडली. एकच ओळ होती. "सामायिक".

वंदना काचेवरून वाकून बघत होती. मी फोन माझ्याकडे वळवला. मग बोट ठेवलं आणि ती ओळ उडवली. ठरवलं, विचार केला असं काही झालं नाही. कपड्यावर पाल पडली की आपण ती झटकतो तसं झटकलं.

"काय होतं भाभी?"

"बॅटरी सेव्हर," मी म्हणाले. "आता होणार नाही."

तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. "मला तेवढं कागदावर लिहून द्याल? म्हणजे खुलाशाला जोडते."

मी दुकानाच्या लेटरपॅडवर लिहून दिलं. बॅटरी सेव्हरमुळे सदर मोबाइलचा डाटा सकाळी आपोआप बंद होत होता, दुरुस्त केला आहे. शिक्का मारला, सही केली. तिने पैसे विचारले तेव्हा मी "राहू दे" म्हणाले, आणि त्या मोठेपणाची माझी मलाच शिसारी आली.

बुधवारी दुपारी ती परत आली. या वेळी पिशवी नव्हती, फोन मुठीत होता.

"शीतल मॅडमला कागद दाखवला," ती म्हणाली. शीतल मॅडम म्हणजे तिच्या बीटच्या पर्यवेक्षिका. "मॅडमनं स्वतःच्या फोनात बॅटरी सेव्हर लावून बघितला. डाटा बंद झाला न्हाई. मंग माझ्या फोनात लावून बघितला. तरी बंद झाला न्हाई. मॅडम म्हणाल्या, वंदना, उशीर झाला असता तर मी समजून घेतलं असतं. पण तू दुकानातून खोटा कागद करून आणला. आता उद्या बैठकीत सगळ्यांसमोर काय ते सांग, न्हाईतर मी पुढं पाठवते." तिने फोन या हातातून त्या हातात घेतला. "सरपंचाची भावजय टपूनच बसली हाय ह्या जागेवर. पण त्याचं जाऊ द्या. भाभी, नऊ वर्षं झाली मला. कुणी खोटारडी म्हणलं नव्हतं."

मी काउंटरवरची चार्जरची वायर गुंडाळायला लागले.

"तुम्ही रागवू नका. मी म्हणत न्हाई तुम्ही मुद्दाम केलं. फक्त खरं काय होतं ते सांगा. तुम्ही कायतरी उडवलं. मी बघितलं."

कापडाच्या बाजूने जिनेंद्र आला. गिऱ्हाइकाशी बोलायचं त्याचं एक हसू आहे, ते लावून म्हणाला, "अहो मशीन आहे, कधी काय होईल सांगता येतं का? तुम्ही असं करा, हा फोन ठेवा, मी तुम्हाला दुसरा देतो. चांगला देतो."

"मला फोन न्हाई पायजे," वंदना म्हणाली. "उद्या नऊला बैठक हाय." आणि गेली.

ती गेल्यावर मी जिनेंद्रला सगळं सांगितलं. रूटीन मीच लावलं होतं, मीच ठेवलं होतं, काल मीच उडवलं आणि कागदही खोटा दिला. त्याने डोक्याला हात लावला. पण कशाबद्दल? "लेटरपॅडवर कशाला लिहून दिलंस?" म्हणाला. "आता गप्प बस. परत काही लिहून दिलंस तर दुकानाचं नाव जाईल. जुन्या फोनात लोकांच्या सेटिंग ठेवून देतात म्हणतील. सहा महिन्यांत विसरून जाईल सगळं. पुष्पाबाईला संक्रांतीला साडी देऊ चांगली."

साडी! मला किळस आली. त्याची आली हे खरं, पण त्याच्यावर ओरडावं इतकं स्वच्छ तोंड माझं कुठे होतं? तो जे बोलत होता ते मी कालच करून बसले होते. तो निदान बोलून दाखवत होता.

पडद्यामागून मम्मीजी आल्या. त्या किती वेळ तिथे उभ्या होत्या, देव जाणे. कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि जिनेंद्रला म्हणाल्या, "तू जा, गिऱ्हाइक बघ." मग माझ्याकडे वळून, "ते नऊ वाजताचं, माझ्या नव्या फोनात बी लावलंय ना तू?"

"हो, मम्मीजी."

"बराबर तसंच? बिलकुल तेच?"

"तेच. माझ्याच हाताने लावलंय."

"मंग उद्या नऊला तिथं दाखवू. तू चल माझ्यासोबत."

"नऊला तुमचं सामायिक असतं."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी लग्न होऊन आलेल्या पहिल्या दिवसासारखी खाली बघायला लागले. "सामायिकात दोष नको म्हणून मी नेट बंद करायला लावलं," त्या म्हणाल्या. "पुण्य मला अन् नोटीस तिला? असलं सामायिक करून कुठं जाऊ मी?" मग म्हणाल्या, "अन् तू रिसेट का नाही केला?"

"आळस केला."

"हां," त्या म्हणाल्या. आणि उठून पडद्याआड गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवारी पावणेनऊला आम्ही तीर्थपुरीच्याच एका अंगणवाडीत पोचलो. बैठक तिथे होती. खालीच सतरंजीवर वीस-बावीस सेविका बसल्या होत्या, भिंतीवर अ अननसाचा, आ आईचा. वंदना एकदम मागे, भिंतीला टेकून. आम्हाला बघून ती उठली नाही. शीतल मॅडम चाळिशीच्या, चष्मा लावलेल्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई. त्यांना वाटलं आम्ही काही देणगी द्यायला आलोय. मम्मीजींना बघून लोकांना नेहमी तसंच वाटतं.

मी उभी राहिले आणि बोलले. रूटीन म्हणजे काय, मी ते का लावलं, फोन रिसेट न करता दिला, परवा उडवलं, आणि वंदनाला दिलेला कागद खोटा होता. खोटा तिने केला नव्हता, मी केला होता. सेविकांमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. माझ्या दुकानात येऊन माझी बोलणी खाल्लेल्या त्यात निदान सात-आठ जणी होत्या. त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं तेच रोज मी गिऱ्हाइकांकडे बघते तेव्हा माझ्या डोळ्यांत असतं.

"पण ह्याला पुरावा काय?" शीतल मॅडम म्हणाल्या. चुकीचं काही विचारलं नव्हतं. "आज तुम्ही हे म्हणता, परवा ते लिहून दिलं."

मम्मीजींनी त्यांचा फोन टेबलावर ठेवला. "मी हात लावणार न्हाई," त्या म्हणाल्या. "तुम्हीच बघा. नऊला दोन मिनिटं कमी हायत."

शीतल मॅडमनी पडदा खाली ओढला. मोबाइल डाटाचं बटण निळं होतं. सगळ्या जणी टेबलाभोवती गोळा झाल्या. भिंतीवरच्या घड्याळात अजून नऊ वाजायचे होते, पण फोनच्या घड्याळात नऊ झाले, आणि कुणी हात न लावता बटण करडं पडलं.

"हेच," मागून वंदना म्हणाली. "हेच व्हायचं."

"आता हे अठ्ठेचाळीसला परत चालू होईल," मी म्हणाले.

"बघू," शीतल मॅडम म्हणाल्या, आणि बसल्या.

ती अठ्ठेचाळीस मिनिटं मी विसरणार नाही. मॅडमनी मधे बैठकीचं काम चालू केलं, लसीकरणाच्या तारखा सांगितल्या, गरोदर बायकांची नावं विचारली. पण सगळ्यांचं लक्ष त्या फोनकडे होतं. मम्मीजी खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. घरी आसनावर बसतात तशाच. मी भिंतीशी उभी होते. मला वाटलं, वंदनाने हा एवढा वेळ रोज काढला. महिनाभर. लेकरं सोडून, फोन वर धरून, शाळेच्या पायरीपासून टाकीपर्यंत, न आलेली रेंज शोधत. आणि मी तिला विचारलं होतं, मरायला कशाला जातेस.

नऊ अठ्ठेचाळीसला बटण निळं झालं. लगेच टिंग टिंग टिंग सुरू झालं, सुप्रभात, गुलाबाची फुलं, सुविचार, एकामागून एक. शीतल मॅडमनी वंदनाची वही मागितली, नोटिशीतल्या वेळा समोर ठेवल्या आणि एकेक ओळ बोटाने ताडून बघितली. एकही नोंद नऊ अठ्ठेचाळीसच्या आधीची नव्हती. मग वहीतल्या कामाच्या सहा दिवसांच्या नोंदी बघितल्या, वंदनाने हाताने डाटा चालू केलेल्या. त्या दिवसांचे फोटो नऊ पाच, नऊ सहाचे होते आणि अंगणवाडीतले होते.

"तुम्ही हे सगळं लिहून द्या," त्या मला म्हणाल्या. "आधीचा कागद खोटा होता हे पण."

मी लिहून दिलं. दुकानाचा शिक्का मी सोबत नेला होता, तो मारला. मॅडमनी नोटिशीवर काहीतरी लिहून खाली सही केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वंदना, तुझा खुलासा मान्य. विषय संपला." दोन-चार सेविकांनी वंदनाच्या पाठीवर हात ठेवला. ती रडली नाही. तिने वही पिशवीत घातली.

बाहेर ओट्यावर मी तिला गाठलं. माफी मागायची होती. आमच्यात संवत्सरीला सगळ्यांची क्षमा मागतात. गेल्या वेळी मी तो मेसेज चारशे बारा लोकांना एका दमात पाठवला होता, आकडा फोनने दाखवला म्हणून माहीत. एकाचंही तोंड डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. आता समोर एकच माणूस होतं आणि मला शब्द सापडत नव्हता.

"वंदनाताई," मी म्हणाले. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा ताई म्हणत होते. "माझं चुकलं. तुम्ही मला..."

"तुम्ही येऊन सांगितलं, बरं केलं," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. "मोठ्या बाईंना सांगा, माझ्यामुळं आज त्यांचं सामायिक चुकलं, ते मनाला लावून घेऊ नका म्हणावं. सामायिकच म्हणतात ना त्याला?" मग तिने पिशवीतून फोन काढला, पदराने काच पुसली आणि माझ्या हातात दिला. सिम तिने आधीच काढून घेतलं होतं. "हा राहू द्या तुमच्याकडं. मी ह्यांचा घेतलाय वापरायला, काच फुटकी हाय पण चालतो."

"अहो, आता त्यात काही नाही. मी बघितलंय."

"तुम्ही परवा बी बघितलंच होतं की, भाभी."

ती पायऱ्या उतरली आणि बाकीच्या बायकांमध्ये मिसळली. एकीने काहीतरी विचारलं, तिने काहीतरी सांगितलं, त्या हसल्या. मला ऐकू आलं नाही.

आम्ही दुकानात आलो तेव्हा जिनेंद्र गिऱ्हाइकाला कापड मापून देत होता. मम्मीजी आत गेल्या आणि पाट मांडून सामायिकाला बसल्या, दोन तास उशिरा. जाताना त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "ते काढून टाक. मी हातानं बंद करीन. विसरले तर विसरले."

मी ते काढलं. मग बोर्डाखाली बसून वंदनाचा परत आलेला फोन हातात घेतला. कव्हर काढून बघितलं, आत नेहमीसारखी घाण शोधली. काही नव्हतं, धुतलेलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन रिसेट दाबलं आणि घड्याळाकडे बघत बसले.

चार मिनिटं लागली.